खरेदीच्या आधी मखर मांडून बघा

श्रावण लागला की दादरच्या रानडे रोडवर आणि पुण्याच्या तुळशीबागेत गणपतीच्या सजावटीच्या वस्तू रस्त्यापर्यंत येतात. झेंडूच्या कापडी माळा, लेस लावलेली आसनं, मोत्यांची तोरणं, मोरपिसांचे गुच्छ, लुकलुकणारे दिवे. यातली एकेक वस्तू शंभर-दोनशे रुपयांची असते, त्यामुळे घेताना फारसा विचार होत नाही. सगळं घरी येतं आणि हरतालिकेच्या रात्री माळ्यावरची खोकी उतरवली जातात. तसलीच तोरणं त्यांत आधीपासून असतात, बहुधा त्याच रंगाची. आणि ज्या एका गोष्टीवाचून आरास अडते, ती कोणालाच आठवलेली नसते. लांब वायरचा बोर्ड असेल, पडदा टांगायचे हुक असतील किंवा चौरंगाखाली घालायची पाचर असेल. तोवर रात्रीचे अकरा वाजलेले असतात.

वस्तू दुप्पट होण्यामागे विसराळूपणा असतोच, पण कारण तेवढंच नाही. सजावट वर्षातून एकदा बाहेर येते आणि जाताना घाईत जाते. विसर्जनाच्या संध्याकाळी घर दमलेलं असतं. जे हाताला लागेल ते जवळच्या खोक्यात भरलं जातं. पुढच्या वर्षी आठवतं ते खोकं, त्यातलं सामान आठवत नाही. शिवाय कित्येक घरांत गणपती भावाभावांमध्ये फिरतो. यंदा थोरल्याकडे, पुढच्या वर्षी धाकट्याकडे. मूर्ती आणि मान फिरतात, खोकी मात्र जिथली तिथेच राहतात. मग धाकट्याच्या घरी दुसरं मखर येतं, तिसऱ्याच्या घरी तिसरं. अशा घरांत यादी एकट्यानं करून भागत नाही. खरेदीला निघण्याआधी बाकीच्या दोन घरांत फोन करून माळ्यावर काय आहे ते विचारावं लागतं.

आता यादी कशी करायची ते पाहू. बहुतेक जण खोकं उघडतात, वस्तू मोजतात, कागदावर लिहितात: माळा सात, तोरणं नऊ, पडदे दोन. ही यादी चुकीची नसते, पण अर्धी असते. तिच्यातून काय जास्त आहे ते कळतं, काय कमी आहे ते कळत नाही. नसलेली वस्तू खोक्यात सापडणार कशी? उणीव दिसते ती मांडणीत. म्हणून खरी मोजदाद जागेवर होते. जिथे गणपती बसणार तिथे मखराचा सांगाडा उभा करायचा, पडदा लावायचा, दिवे पेटवायचे आणि संध्याकाळी खोलीतला नेहमीचा दिवा लावून व बंद करून बघायचं. दोन तासांचं काम आहे. त्यासाठी चतुर्थीच्या तीन-चार आठवडे आधीचा एखादा रविवार चांगला, कारण तेव्हा बाजार भरलेला असतो आणि गर्दी अजून वाढलेली नसते.

मांडायच्या आधी गेल्या वर्षीचे फोटो काढून बसावं. आरतीच्या फोटोत माणसं पुढे असतात, पण पहिल्या दिवशी सकाळी काढलेला एक तरी फोटो मोकळ्या आराशीचा असतो. त्यात पडद्याची कोणती बाजू बाहेर होती, वायर कुठून गेली होती, कोणता कोपरा रिकामा दिसत होता हे सगळं दिसतं.

एका घराचा हिशेब करून बघू. हे नमुन्याचं घर आहे, पण यातली मापं कोणत्याही दोन खोल्यांच्या घरात सापडतील अशीच आहेत. दिवाणखान्याच्या भिंतीशी तीन फूट रुंद आणि चार फूट उंच अशी प्लायची मागची चौकट उभी राहते. तिच्यापुढे कमानीचं मखर आहे, त्याची आतली उंची छत्तीस इंच. गेल्या वर्षी मूर्ती चौदा इंचांची होती, चौरंग बारा इंच आणि वरचं छत्र सहा इंच जागा घेत होतं. म्हणजे बत्तीस इंच झाले आणि वर चार इंच मोकळे राहिले. हार घालताना हात जायला तेवढी जागा पुरली.

यंदा मुलांच्या हट्टानं दीड फुटाची मूर्ती ठरली. अठरा, बारा आणि सहा यांची बेरीज बरोबर छत्तीस होते. कागदावर मूर्ती मखरात मावते, प्रत्यक्षात छत्र कमानीला टेकतं आणि हार घालायला जागाच उरत नाही. ही गोष्ट साधारणपणे चतुर्थीच्या सकाळी, मूर्ती हातात असताना कळते. ती आधी कळली तर पहिला विचार येतो तो नव्या, मोठ्या मखराचा, म्हणजे दोन-तीन हजारांच्या खर्चाचा. मांडून बघितल्यावर मात्र दिसतं की अडचण चौरंगाची आहे. बाराऐवजी सहा इंचांचा चौरंग घेतला की बेरीज तीसवर येते आणि वर सहा इंच मोकळे राहतात. सहा इंचांचा चौरंग घरात सत्यनारायणाच्या पूजेचा म्हणून असतोच, किंवा शेजारी मिळतो. यादीतलं ‘मोठं मखर’ खोडलं जातं आणि त्या जागी काहीच येत नाही.

रुंदीचंही असंच बघावं लागतं, कारण मूर्ती उंच झाली की तिचा पाया आणि हातांचा पसारा वाढतो. प्रभावळ असलेली मूर्ती तर कमानीच्या बाजूंना घासते. मूर्तिकाराकडे नोंदणी करतानाच उंचीबरोबर रुंदी विचारून घेतली आणि त्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं मखरात ठेवून बघितलं, तर शंका राहत नाही.

मागच्या पडद्याची गोष्ट याहून मजेची आहे. तीन फुटांच्या चौकटीला सपाट कापड लावलं तर तीन फूट पुरतं, पण चुण्या घालायच्या तर दुप्पट, म्हणजे सहा फूट लागतं. पडद्याचं कापड आणायला निघालेल्या घरानं आधी कपाट उघडावं. साडीची लांबी साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. दुप्पट चुण्या धरल्या तरी एका साडीत नऊ फूट रुंदीची भिंत झाकली जाते. तीन फुटांच्या चौकटीला तिचा तिसरा भाग पुरतो, बाकीची दुमडून मागे जाते. अडचण उंचीत येते. साडीचा पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास असतो आणि चौकट आहे चार फुटांची. तीन इंच कमी पडतात. साडी वरून लावली तर ते तीन इंच खाली येतात, चौरंगाच्या मागे, आणि कोणाला दिसत नाहीत. साडी खालून मोजत वर नेली तर तीच उणीव डोळ्यांसमोर येते आणि कापडाच्या दुकानाची फेरी घडते. साडीला टाचण्या टोचायच्या नसतील तर कपडे वाळत घालायचे चिमटे हवेत. चौकटीच्या वरच्या कडेवर ते घट्ट बसतात की नाही हेही मांडल्यावरच समजतं. प्लाय जाड असेल तर चिमटा उघडत नाही, आणि मग यादीत खरी उणीव लिहिली जाते: मोठ्या तोंडाचे चिमटे, सहा.

दिव्यांकडे जास्त वेळ द्यावा, कारण सगळ्यात जास्त दुबार खरेदी इथे होते आणि धोकाही इथेच आहे.

खोक्यातल्या माळा आधी गुंता सोडवून जमिनीवर सरळ पसराव्यात. लावायच्या आधी वायर बोटांतून पूर्ण लांबीभर फिरवावी. उंदरानं कुरतडलेली जागा, वरचं आवरण फाटून तांबं दिसणारी जागा, कोणीतरी चिकटपट्टी गुंडाळून केलेला जोड, पिनेपाशी सैल झालेली वायर, यांतलं एक जरी सापडलं तरी ती माळ बाजूला काढावी. या माळा थेट २३० व्होल्टवर चालतात आणि आराशीत शेजारीच ओली फुलं, दूर्वा, पाण्याचा तांब्या असतो. हात फिरवून झाल्यावरच माळ बोर्डाला लावावी आणि निदान अर्धा तास चालू ठेवावी. पाच मिनिटं नीट चालून नंतर लुकलुकू लागणाऱ्या माळा असतात. एखाद्या माळेचा नियंत्रक डबा तापतो, तोही तेव्हाच हाताला जाणवतो.

अर्धी पेटणारी माळ पुष्कळांना कोड्यात टाकते. एका पांढऱ्या एलईडी दिव्याला साधारण तीन व्होल्ट लागतात, म्हणून अशा माळेत पुष्कळ दिवे एकापाठोपाठ एक जोडून साखळी केलेली असते. लांब माळेत अशा दोन-तीन साखळ्या असतात. एका साखळीत कुठेही जोड तुटला की ती पूर्ण विझते, दुसरी चालू राहते. दोष नेमका कुठे आहे ते घरी शोधणं कठीण असतं आणि माळ स्वस्त असते, त्यामुळे दुरुस्ती परवडत नाही. पण वायर धड असेल तर पेटणारा अर्धा भाग कामाला येतो. विझलेला भाग मखराच्या मागे जाऊ देता येतो, मात्र तो कापू नये. कापलेल्या टोकात वीज उघडी पडते.

आता आपल्या नमुन्याच्या घरात यादी अशी निघाली: माळा सात, त्यांतल्या चार पूर्ण चालू, दोन अर्ध्या, एक बंद. चालू असलेल्या चारांपैकी दोन पिवळसर पांढऱ्या, एक निळसर पांढरी आणि एक रंगीत. दिवसा दोन्ही पांढरे सारखेच वाटतात. रात्री शेजारी लावले की एक बाजू सोनेरी आणि दुसरी दवाखान्यासारखी दिसते. ‘तीन पांढऱ्या माळा आहेत’ ही नोंद म्हणूनच फसवी असते. प्रत्येक माळेला सुतळीनं चिठ्ठी बांधून तिच्यावर रंग आणि लांबी लिहिली की हा घोळ मिटतो.

गरज किती आहे? चौकटीच्या दोन उभ्या कडा चार-चार फूट आणि वरची तीन फूट, एकूण अकरा फूट, म्हणजे सव्वातीन मीटरच्या थोडं वर. पाच मीटरची एक पिवळसर माळ त्यात सहज बसते आणि दुसरी हाताशी राहते. नवीन माळेची गरज अजिबात नाही. पण लावून बघितल्यावर कळलं की भिंतीवरचा सॉकेट चौकटीपासून सात फुटांवर आहे आणि माळेच्या पिनेपासून पहिल्या दिव्यापर्यंतची वायर जेमतेम तीन फूट. गेल्या वर्षी माळेचा पहिला मीटरभर भाग जमिनीवरून लोंबत गेला होता, ते फोटोतही दिसलं. म्हणजे उणीव दिव्यांची नव्हतीच, चार मीटर वायरच्या चांगल्या बोर्डाची होती. बाजारात गेल्यावर दिव्यांच्या झगमगाटात हा बोर्ड कोणाच्या लक्षात येत नाही. तो विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो, आणि त्याच्यावर आयएसआयची खूण बघून घ्यावी.

बॅटरीवर चालणाऱ्या बारीक तारेच्या दिव्यांची तपासणी वेगळी असते. त्यांच्या डबीत गेल्या वर्षीचे सेल तसेच राहिले असतील तर ते पाझरलेले असतात आणि पत्र्याच्या टोकांवर पांढरी किंवा हिरवट भुकटी साचलेली दिसते. थोडी असेल तर कोरड्या फडक्यानं पुसून, मग लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसानं घासून आणि पूर्ण वाळवून डबी पुन्हा चालते. पत्रा खाल्ला गेला असेल तर ती टाकावी लागते. बंद पडलेल्या माळा आणि सेल रोजच्या कचऱ्यात जाऊ नयेत, ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावेत.

फुलांच्या कृत्रिम माळांबाबत घरं अगदी उदार असतात. दरवर्षी दोन-तीन येतात आणि एकही जात नाही. त्यांची परीक्षा दिवसाच्या उजेडात, खिडकीशी धरून करावी. बाहेरच्या पाकळीचा रंग आतल्या पाकळीशी ताडून पाहिला की किती उडालाय ते समजतं. नुसती धूळ असेल तर कोमट पाण्यात थोडी साबणाची पूड घालून बुडवून काढावं आणि सावलीत वाळवावं. उन्हात रंग आणखी उतरतो. आपल्या घरात पाच-पाच फुटांच्या नऊ माळा निघाल्या, त्यांतल्या चार फिक्या. चौकटीला लागणार अकरा फूट, म्हणजे तीन माळा, आणि दाराला एक. चांगल्या पाचांतच काम भागलं. शिवाय रोज खरी फुलं येणारच. फिक्या माळांना एकच जागा योग्य असते, पडद्याच्या वरची, दिव्याच्या मागची. तिथेही नको असतील तर त्या सोसायटीच्या मंडळाला द्याव्यात, परत माळ्यावर टाकू नयेत.

जुन्या खोक्यांत थर्मोकोलही सापडतो. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना निघाली आणि सजावटीचा थर्मोकोलही तिच्यात आला. तरी त्याआधीचे खांब, कमळं, सिंहासनं अनेक माळ्यांवर गुंडाळून ठेवलेली आहेत. ती निर्माल्यासोबत पाण्यात सोडणं हा सगळ्यात वाईट मार्ग, कारण त्यांचे मणी सुटे होऊन वर्षानुवर्षं तरंगत राहतात. मोडून पिशवीत भरून सुक्या कचऱ्यात द्यावेत. यादीत मात्र त्यांना ‘आहे’ असं धरू नये. तुटके, पिवळे पडलेले खांब धरून केलेली मोजदाद ऐनवेळी दगा देते.

कोकणात आणि गोव्यात हीच मोजदाद जवळपास उलटी होते. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगायची आणि तिला सुपारीचे घड, नारळ, काकड्या, रानातली फळं बांधायची, तिला गोव्यात माटोळी म्हणतात, सिंधुदुर्गात माटवी. बांधायचं ते सगळं दरवर्षी ताजं, चतुर्थीच्या आदल्या बाजारातून किंवा रानातून आणलेलं. साठवणीत राहते ती फक्त चौकट. त्यामुळे तिथे तपासायचंही तेवढंच असतं, पण नीट तपासायचं असतं. नारळ आणि घड यांचं ओझं मोठं असतं आणि ते मूर्तीच्या बरोबर डोक्यावर टांगलेलं असतं. लाकूड ठोकून पोकळ आवाज येतो का, भुंग्यानं पोखरल्याची पिठासारखी पूड खाली पडलीय का, कोपऱ्यांचे जोड हलतात का आणि छताचे हुक गंजलेत का, हे पाहावं लागतं. सुंभ दरवर्षी नवा घेणंच शहाणपणाचं. सगळ्या वर्षाची साठवण एका चौकटीवर आल्यावर दुबार खरेदीचा प्रश्नच उरत नाही. शहरी घरांनी या पद्धतीकडे जरूर बघावं. सांगाडा, पडदा आणि दिवे साठवणीतले, बाकी सगळं पानाफुलांचं, अशी आरास दोन खोक्यांत मावते.

गौरी असलेल्या घरी आणखी एक खोकं असतं: मुखवटे, उभे करायचे स्टँड, हात, दागिने. त्याला गणपतीच्या सामानात मिसळू नये. त्याची मांडणी दोन-तीन दिवसांनी होते आणि तेव्हा गणपतीच्या आराशीत वापरलेले चिमटे नि टाचण्या मोकळ्या नसतात. एकच चिमट्यांचा संच दोन्हीकडे धरला की उणीव गौरीच्या आवाहनाच्या दिवशी निघते.

शेवटी नमुन्याच्या घराची खरेदी इतकीच उरली: चार मीटर वायरचा एक बोर्ड, मोठ्या तोंडाचे सहा चिमटे, दोन्हीकडे चिकटणारी पट्टी, कारण गेल्या वर्षीची वाळून निकामी झाली होती, आणि आसनाचं नवं वस्त्र. हे वस्त्र घेण्याचं कारण समईच्या तेलाचे डाग. तेही मांडणीतच दिसले, कारण घडी घातल्यावर डाग आत जात होते. तेल पडलं म्हणजे समई फार जवळ होती, हेही त्यातून निघालं. चुण्यांचा पडदा कृत्रिम धाग्याचा असेल तर ज्योत त्याच्यापासून हातभर तरी दूर हवी. त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही, समईची जागा यादीत लिहिली की पुरे.

पुढच्या वर्षीची यादी मात्र विसर्जनाच्या वेळीच सुरू करावी लागते. महाराष्ट्रात सजावट उघडतात ती पावसाळ्यात आणि बांधतात तीही पावसाळ्यात. २०२५ मध्ये अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आली, तेव्हा हवेत पुरता ओलावा होता. अशा हवेत कापड आणि पुठ्ठा लगेच खोक्यात बंद केला की बुरशी धरते, जरीची लेस काळी पडते, खळ लावलेल्या कागदाला कसर लागते. गुंडाळायला वापरलेली रबरं वर्षभरात चिकट होऊन कापडालाच धरून बसतात, म्हणून सुतळी किंवा कापडाची पट्टी बरी. सामान दोन दिवस पंख्याखाली ठेवावं, सेल काढून घ्यावेत, माळा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळाव्यात. मग एका कागदावर यंदा काय कमी पडलं, काय न उघडता परत गेलं आणि मखराची आतली मापं किती, एवढं लिहून तो कागद खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवावा. त्याचा एक फोटो फोनमध्ये ठेवला की पुढच्या वर्षी मूर्तीची नोंदणी करतानाही तो उपयोगी पडतो.